किडनीचा आजार आणि बद्धकोष्ठ

समजा, साठीच्या काकू आहेत. मधुमेह जुना, त्यातून किडनी कमजोर झालेली, क्रिएटिनिन वाढलेलं. ताज्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.६ आलं आणि डॉक्टरांनी केळी, शहाळं, मोसंबीचा रस, पालक, टोमॅटो बंद सांगितले. काकूंनी धसका घेतला आणि फळं-भाज्या जवळजवळ सोडूनच दिल्या. मऊ भात, पातळ आमटी, बिस्किटं. पंधरा दिवसांत पोट साफ होईना. मग शेजारणीच्या सल्ल्याने मेडिकलमधून पोट साफ करायचं पांढरं औषध आणलं. घरोघरी असंच घडतं, आणि यातली एकेक पायरी तपासून बघण्यासारखी आहे.

पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडनीचं. निरोगी माणसात साधारण १० टक्केच पोटॅशियम शौचावाटे जातं. किडनी फार थकली की मोठं आतडं जास्त भार उचलतं आणि हा वाटा बराच वाढतो. म्हणजे काकूंचं पोट चार-चार दिवस साफ झालं नाही, तर पोटॅशियम बाहेर जायची दुसरी वाटही अडते. पोटॅशियम कमी करायला चोथाच सोडून दिला, तर पथ्य उलटण्याची शक्यता असते.

म्हणून प्रश्न फळ खायचं की नाही हा नसून कोणतं खायचं, हा आहे. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि चोथा ३ ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम नाशपतीत चोथा जवळपास तेवढाच, पण पोटॅशियम सव्वाशेच्या आतबाहेर. सफरचंद, अननस हेही कमी पोटॅशियमच्या गटातले. सफरचंद सालासकट खावं. रस मात्र नको, कारण त्यात चोथा राहत नाही आणि एका पेल्यात तीन-चार फळांचं पोटॅशियम उतरतं. भाज्यांत कोबी, दुधी, दोडका, पडवळ, काकडी चालतात. बटाटा खायचाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी फेकून द्यावं. नुसता भिजत घालून फारसा फरक पडत नाही; उकळल्यावर पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी आमटीला वापरलं तर सगळी मेहनत वाया.

पोटॅशियमचं बंधन किडनीच्या प्रत्येक रुग्णाला नसतं, हेही सांगायला हवं. रिपोर्ट ठीक असताना भीतीपोटी भाज्या सोडू नयेत.

काकूंच्या गोळ्यांचा डबाही उघडून बघायला हवा. लोहाच्या गोळ्या, फॉस्फरस रोखणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि पोटॅशियम उतरवणारी पावडर, ही तिन्ही पोट घट्ट करतात. पावडर चालू असताना बद्धकोष्ठ झालं, तर आतड्याला इजा होऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांना लगेच कळवावं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

आता ते पांढरं औषध. अशा अनेक सिरपांत मॅग्नेशियम असतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. कमजोर किडनीत ते रक्तात साठत जातं. सुस्ती, हातापायांत अशक्तपणा, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं ही त्याची लक्षणं. पित्तावरच्या कित्येक पातळ औषधांतही मॅग्नेशियम असतं. फॉस्फेटचा एनिमाही टाळावा. त्यातलं फॉस्फेट रक्तात जाऊन किडनीला आणखी इजा करू शकतं. चूर्णांतलं सैंधव किंवा काळं मीठ म्हणजे सोडियमच.

इसबगोल बरं, पण त्याला पेलाभर पाणी लागतं. ज्यांना दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलंय, त्यांच्या हिशोबातला मोठा भाग त्यातच जातो, आणि कमी पाण्यात घेतलं तर ते आत गोळा होऊन बसतं. अशांसाठी डॉक्टर बहुधा लॅक्टुलोज देतात. त्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्री डोस वाढवू नये. मॅक्रोगोलची पावडरही चालते, पण ती ज्या पाण्यात ढवळायची ते पाणी दिवसाच्या हिशोबात धरावं. बिसाकोडिल किंवा सोनामुखी अधूनमधून, तेही डॉक्टरांना विचारून.

पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील, गॅसही सरत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर कोणतंही रेचक न घेता थेट दवाखाना गाठावा. पोटॅशियम वाढलेलं असताना छातीत धडधड किंवा पायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं, तरीही तसंच करावं.

आणि मेडिकलवाल्याकडे पोटाचं औषध मागताना पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘मला किडनीचा आजार आहे, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट असलेलं काही देऊ नका.’