एका रात्रीत चौसष्ट कार्डं

बी.फार्मच्या सहाव्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीचा तिसरा पेपर असतो. ७५ गुण, तीन तास, आणि पोर्शनमध्ये दम्यापासून कर्करोगापर्यंतची औषधं. हा पेपर उद्या सकाळी दहाला आहे आणि आज संध्याकाळचे सात वाजून गेलेत, अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. तिच्या हॉस्टेलच्या कॉटवर एक वही आहे, मैत्रिणीच्या वहीचं झेरॉक्स आहे, मोबाइलमध्ये वर्गातल्या स्लाइडचे तिरके फोटो आहेत आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी आहेत. एकच धडा चार ठिकाणी, चार वेगळ्या क्रमांनी आलेला.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्या पानापासून वाचायला बसतात आणि पहाटे तीनला निम्म्यावर पोहोचतात. या मुलीने वाचायचं नाही, मोडून पुन्हा बांधायचं ठरवलं. सगळ्या नोट्सची फ्लॅशकार्डं करायची. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर.

पहिला तास तिने एकही कार्ड लिहिलं नाही. अभ्यासक्रमाचं पान आणि चार जुन्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून तिने धड्यांची यादी केली आणि कोणता धडा किती वेळा विचारला गेला, त्याच्या उभ्या रेघा मारल्या. कारण हिशेब सरळ होता. एक नीट कार्ड लिहायला साधारण दोन मिनिटं लागतात. ए-फोर कागद तीनदा दुमडून कापला की आठ कार्डं होतात, म्हणजे आठ कागदांत ६४. ती लिहायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागणार. त्यापुढे लिहीत बसलं तर कार्डं तयार होतील, पण ती एकदाही विचारून होणार नाहीत. म्हणून ६४ ही मर्यादा ठरली. क्षयरोगाच्या औषधांना चौदा कार्डं मिळाली, कुष्ठरोगाच्या औषधांना एकही नाही.

हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो सहसा वगळला जातो. पण सगळ्याच ओळींची कार्डं करायला बसलेला विद्यार्थी खरं तर नोट्स पुन्हा उतरवत असतो, फक्त लहान कागदांवर.

क्षयरोगाच्या धड्यातलं तिचं पहिलं कार्ड फसलं. पुढे लिहिलं होतं, ‘क्षयरोगावरील औषधांचे दुष्परिणाम’. मागे बारीक अक्षरात अकरा ओळी. असं कार्ड वाईट आहे हे ओळखायची खूण म्हणजे उत्तर देऊन झाल्यावर ‘बरोबर’ की ‘चूक’ हे ठरवता येत नाही. सात ओळी आठवल्या, चार राहिल्या, मग कार्ड कोणत्या गठ्ठ्यात टाकायचं? आणि दर वेळी त्याच सात आठवतात, त्याच चार राहतात.

संगणकावर उजळणीचं वेळापत्रक ठरवणारा ‘सुपरमेमो’ हा प्रोग्राम तयार करणारे पोलंडचे पिओत्र वोझ्नियाक यांनी कार्डं लिहिण्याचे वीस नियम मांडले आहेत. त्यांत लांबलचक याद्या टाळा आणि एका कार्डावर कमीत कमी माहिती ठेवा, असा आग्रह आहे. या मुलीने ते अकरा ओळींचं कार्ड फाडलं आणि त्याची पाच केली. रिफाम्पिसिन घेणाऱ्याच्या लघवीचा, घामाचा, अश्रूंचा रंग कसा होतो? नारिंगी-लालसर. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत कोणतं जीवनसत्त्व देतात? बी-सिक्स, म्हणजे पायरिडॉक्सिन. पायराझिनामाइडने रक्तात काय वाढून सांधे दुखू शकतात? युरिक आम्ल. इथॅम्ब्युटॉल कोणत्या नसेला इजा करू शकतं? डोळ्याच्या. पाचवं कार्ड कारण विचारणारं होतं. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या कुचकामी का ठरू शकतात? कारण ते यकृतातल्या विकरांचं काम वाढवतं आणि गोळीतली संप्रेरकं शरीरातून लवकर निघून जातात.

काही कार्डं तिने उलटूनही लिहिली. ‘उपचार सुरू असलेला रुग्ण म्हणतो, लाल आणि हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. कोणत्या औषधाचा संशय घ्याल?’ औषधावरून दुष्परिणाम आठवणं आणि दुष्परिणामावरून औषध आठवणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक पाठ झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, आणि पेपरात कोणती विचारतील ते सांगता येत नाही. इथॅम्ब्युटॉल आणि आयसोनियाझिड ही दोन्ही नसांना त्रास देणारी औषधं तिच्या डोक्यात सारखी एकमेकांच्या जागी जात होती. म्हणून एक कार्ड निव्वळ या दोघांतला फरक विचारणारं केलं: कोणतं डोळ्याच्या नसेला, कोणतं हातापायांच्या?

नऊच्या सुमाराला नोट्समधला खरा घोळ वर आला. वहीत लिहिलं होतं, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने फक्त आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. झेरॉक्समध्ये पुढच्या चार महिन्यांत इथॅम्ब्युटॉलही होतं. नुसतं वाचताना हा फरक तिच्या डोळ्यांखालून दोनदा निसटला होता. कार्डाच्या मागे एकच उत्तर लिहायचं म्हटल्यावर तो अडला.

आणि गंमत म्हणजे दोन्ही नोट्स बरोबर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या पद्धतीत दुसऱ्या टप्प्यात दोनच औषधं असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू जिथे जास्त आढळतात, तिथे इथॅम्ब्युटॉल चालू ठेवलं जातं, आणि भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात दुसऱ्या टप्प्यात ही तीन औषधं आहेत. म्हणून तिने प्रश्नच बदलला. ‘भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दुसऱ्या टप्प्यात कोणती औषधं, किती महिने?’ आणि जोडीला दुसरं कार्ड: ‘इथॅम्ब्युटॉल का चालू ठेवतात?’ कार्डावरच्या प्रश्नाला एकच उत्तर असायला हवं. दोन निघत असतील तर बहुतेक वेळा प्रश्नातच काही सांगायचं राहिलेलं असतं.

साडेदहाला कार्डं संपली. आता ती विचारायची होती, आणि इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे पाच-पाच कार्डांचे छोटे गठ्ठे करून एकेक पक्का करत जाणं. पाच कार्डं चार वेळा फिरवली की उत्तरं झटाझट येतात आणि फार बरं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेट कॉर्नेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं. कठीण इंग्रजी शब्दांची कार्डं एका मोठ्या गठ्ठ्यात शिकणं हे चार लहान गठ्ठ्यांत शिकण्यापेक्षा जास्त टिकलं. मधे अंतर ठेवून शिकण्याचा फायदा ९० टक्के लोकांना झाला. तरीही पहिल्या बैठकीनंतर ७२ टक्के लोकांना सलग घोकणंच जास्त उपयोगी वाटलं होतं. मोठ्या गठ्ठ्यात तेच कार्ड पुन्हा येईपर्यंत मधे बरीच कार्डं जातात, थोडं विसरायला होतं, आठवायला कष्ट पडतात. ते कष्ट पडतात म्हणून आपलं काही चुकतंय असं वाटतं, पण लक्षात राहतं ते त्या कष्टांमुळेच.

दुसरी चूक म्हणजे एकदा बरोबर आलेलं कार्ड बाजूला टाकून देणं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्दांचे अर्थ शिकायला दिले. एका गटात शब्द एकदा बरोबर आला की पुढच्या चाचण्यांतून काढला जाई. दुसऱ्या गटात सगळे शब्द शेवटपर्यंत विचारले जात. शिकण्याच्या दिवशी सगळ्यांची मजल सारखीच होती. आठवड्याने मात्र पुन्हा पुन्हा विचारलेल्यांना सुमारे ८० टक्के अर्थ आठवले, तर चाचणीतून शब्द वगळलेल्यांना साधारण एक तृतीयांश. आलेले शब्द नुसते वाचत राहिल्याने या आकड्यांत फरक पडला नाही.

म्हणून तिने ६४ कार्डं एकत्र पिसली. सगळे धडे मिसळले. कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं, किंवा रूम पार्टनर झोपलेली असल्यामुळे रफ कागदावर खरडायचं, हा नियम ठेवला. मनात ‘हे येतंय मला’ म्हणून कार्ड उलटलं की मागचं उत्तर ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं हे आठवणं समजलं जातं. लिहिलेला शब्द तशी सूट देत नाही. चुकलेलं कार्ड गठ्ठ्यात दहा-बारा कार्डांनंतर खुपसायचं, बरोबर आलेलं सगळ्यात खाली. पहिल्या फेरीत २७ चुकली, दुसरीत १५, तिसरीत ६.

तरीही एक भोक राहिलं होतं. दहा गुणांच्या प्रश्नात वर्गीकरण, कार्य, दुष्परिणाम, मात्रा हे सगळं क्रमाने मांडावं लागतं, आणि कार्डं क्रम शिकवत नाहीत. सुटे तुकडे तोंडपाठ असलेला विद्यार्थी पेपरात पहिलं वाक्य कुठून सुरू करावं इथेच अडतो. बाराच्या सुमाराला तिने कार्डं बाजूला सारली, कोरा कागद घेतला आणि क्षयरोगाच्या औषधांचं पूर्ण उत्तर नुसत्या मथळ्यांत, काही न बघता लिहिलं. पाच मथळ्यांपैकी ‘कार्यपद्धती’ ती साफ विसरली होती, जरी रिफाम्पिसिन जंतूंच्या आरएनए पॉलिमरेझला रोखतं हे कार्ड तिला तिन्ही वेळा आलं होतं.

साडेबाराला दिवा बंद झाला. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले, तेव्हा जागेपणी गेलेल्या तासांपेक्षा झोपेत गेलेल्या तेवढ्याच तासांनंतर त्यांना जास्त अक्षरसमूह आठवले. त्यानंतरच्या शतकभरात झोप आणि स्मृतीचं नातं अनेक प्रयोगांनी दाखवलं आहे. पहाटेपर्यंत चौथी-पाचवी फेरी करण्यापेक्षा सहा तास झोप आणि सकाळी एक फेरी हा सौदा तिला परवडणारा होता.

पेपरात दहा गुणांना क्षयरोगाची औषधं आली. तिने मथळे त्याच क्रमाने टाकले आणि कार्यपद्धती अधोरेखित केली. पाच गुणांच्या टिपांत कुष्ठरोगही होता. तिच्याकडे त्याचं एकही कार्ड नव्हतं, पण नऊपैकी सातच टिपा लिहायच्या असल्याने तो सोडता आला. दम्याच्या औषधांवरच्या टिपेत मात्र अर्धंच उत्तर जमलं. तिथे तिची तीन कार्डं होती आणि तिन्ही औषधांची नावं विचारणारी होती. प्रश्न औषध काम कसं करतं याचा होता.

प्रॅक्टिकलची व्हायवा दहा दिवसांनी होती. पेपरानंतर तिसऱ्या दिवशी तिने गठ्ठा पुन्हा काढला. ६४ पैकी २२ कार्डं कोरी गेली आणि त्यांतली बरीचशी त्या रात्री शेवटच्या फेरीत पहिल्यांदा बरोबर आलेली होती. या बाविसांची तिने वेगळी चवड केली, दम्याची सहा नवी कार्डं ‘कसं’ आणि ‘का’ विचारणारी लिहून तिच्यात घातली, आणि ही चवड रोज, बाकीची तीन दिवसांआड, असा व्हायवापर्यंतचा क्रम लावला.