झीज नव्हे, खाच : हाताचा एक्स-रे आणि ‘इरोजन’

माझ्या पीएचडीत हातांचे एक्स-रे मोजण्याचं काम येतं, त्यामुळे कधीकधी ओपीडीबाहेर पेशंटशी बोलायला मिळतं. मागच्या महिन्यात एक ताई भेटल्या. वय 44, घरी शिवणकाम करतात. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान होऊन 3 आठवडे झाले होते. कुणीतरी रिपोर्ट वाचून त्यांना सांगितलं होतं, “हाडाची झीज सुरू झालीय.” ताईंनी मशीन बंद करून ठेवलं. “वापरून झिजलंय, तर आता जपायला नको का?” हे त्यांचं म्हणणं, आणि ‘झीज’ या शब्दावरून कुणीही तेच समजेल. पण रिपोर्टमधलं ‘इरोजन’ म्हणजे वापराने होणारी झीज नाही.

मी फिल्म दाखवत आधी सांध्यातली काळी फट दाखवली. “ताई, ही फट रिकामी नाही. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. एक्स-रे तिच्यातून आरपार जातो, म्हणून ती दिसत नाही.” म्हणजे आपण फट मोजतो तेव्हा खरं तर न दिसणाऱ्या कूर्चेची जाडी अंदाजतो. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी ही फट शेजारच्या बोटांपेक्षा अरुंद होती. कूर्चा पातळ झाली की असं दिसतं.

खाच मात्र तर्जनीच्या मुळाच्या सांध्यात होती, अंगठ्याकडच्या बाजूला, जेमतेम 2 मिलिमीटर. हाडाची पांढरी कडा तिथे तुटलेली होती. नेमकी तिथेच का? सांध्याचं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, या आजारात सुजतं आणि जाड होतं. हाडाच्या टोकावर कूर्चा जिथे संपते आणि सांध्याची पिशवी जिथे चिकटते, त्या दोन्हींच्या मध्ये हाडाची एक उघडी पट्टी असते. तिच्यावर कूर्चेचं आवरण नाही. सुजलेलं अस्तर थेट तिथे टेकतं आणि ऑस्टिओक्लास्ट या हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लावतं. म्हणून पहिल्या खाचा सांध्याच्या मध्यभागी न दिसता कडेला दिसतात. वापराच्या झिजेत उलट घडतं : फट कमी होते, पण कडेला हाड खाल्लं न जाता नवीन हाड वाढून टोक येतं.

ताईंना सांगितलं, “हे मशीनमुळे झालेलं नाही. आतली सूज खातेय, म्हणून औषध सुजेवर आहे. शिवण किती करायची हे डॉक्टरांना विचारा, पण खाच पडेल या भीतीने हात बांधून ठेवू नका.” त्यांनी लगेच विचारलं, “मग भरेल का ती खाच?” खोटं कसं सांगणार! सहसा भरत नाही. औषध लागू पडलं तर नवीन पडत नाहीत आणि आहे ती वाढत नाही, हीच अपेक्षा.

आता तुमच्यासाठी. आम्ही शार्प-व्हॅन डर हाइडे पद्धतीने गुण देतो. हातात खाचेला प्रत्येक सांध्यामागे 0 ते 5, फटीला 0 ते 4. पाय धरून एकूण कमाल 448. ताईंच्या उजव्या हाताला खाचेचा 1 आणि फटीचा 2 मिळून 3. ऐकायला काहीच नाही! पण निदानाच्या वेळीच खाच दिसणं ही पुढे आणखी खाचा पडण्याची धोक्याची खूण मानतात, त्यामुळे 3 आणि 0 मधलं अंतर आकड्यापेक्षा मोठं आहे.

डाव्या हातात मी आधी चूक केली होती. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यात फट जवळजवळ दिसेनाच, म्हणून मी 3 दिला. सिनियर मॅडमनी एवढंच विचारलं, “बोट सरळ आहे का?” नव्हतं. दुखऱ्या बोटाने ताईंना तळवा प्लेटवर सपाट टेकवता आला नव्हता. बोट वाकलं की पुढचं हाड मागच्यावर चढल्यासारखं दिसतं आणि फट झाकली जाते. खूण सोपी आहे : ते हाड शेजारच्या बोटातल्यापेक्षा आखूड दिसतं आणि दोन कडा एकमेकींवर येतात. तिरक्या कोनातल्या दुसऱ्या फिल्मवर फट व्यवस्थित होती. तो 3 तसाच राहिला असता आणि वर्षभराने सूज उतरून बोट सरळ झालं असतं, तर माझ्या तक्त्यात कूर्चा ‘परत वाढलेली’ दिसली असती.

खाचेचंही तसंच. एक्स-रे म्हणजे सावली. खाच कडेला आली तरच कडा तुटलेली दिसते. समोरून पडली तर नुसता फिकट डाग, किंवा काहीच नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ सूज नाही असा होत नाही, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. अल्ट्रासाउंड किंवा एमआरआयवर ती आधी सापडते.

ताईंचा पुढचा एक्स-रे वर्षभराने आहे. टेक्निशियनला मी चिठ्ठी लिहून ठेवलीय : तोच कोन, आणि डावं मधलं बोट टेकत नसेल तर तसं फिल्मवर नोंदवा.