मलमल, मखमल आणि फळ्याचा फोटो

भाचीने फळ्याचा फोटो पाठवला, सोबत तिच्या वहीचं पान आणि एक प्रश्न : “मावशी, सरांचं उत्तर ३ आहे, माझं २ येतंय. तक्त्यात चूक कुठे आहे?”

गणित होतं ‘लाँगेस्ट कॉमन सबसिक्वेन्स’चं. दोन शब्द द्यायचे आणि दोन्हींमध्ये त्याच क्रमाने येणारी जास्तीत जास्त अक्षरं शोधायची. अक्षरं शेजारी-शेजारी असण्याची गरज नाही, पण पुढचं अक्षर मागे गेलेलं चालत नाही. वर्गातला पहिला शब्द होता मलमल.

मी तिचा तक्ता घर न् घर तपासला. एकही आकडा चुकला नव्हता. मग फोटो मोठा करून पाहिला. फळ्यावर अक्षरं सुटी-सुटी लिहिली होती आणि दुसऱ्या शब्दातल्या तिसऱ्या अक्षरावर खिडकीचा उजेड पडला होता. त्या चमकेत मच्या डोक्यावरची रेघ डावीकडे पुसल्यासारखी झाली होती, म्हणून तिने तो भ वाचला. मखमलचं झालं ‘मखभल’. सरांनी मुद्दाम अक्षर बदललं असेल, असं तिला वाटलं.

खडूचा म कसा असतो, हे त्याच फोटोत मलमलमध्ये दोनदा दिसत होतं. शंका असलेलं अक्षर त्याच हाताच्या दुसऱ्या अक्षराशी ताडून पाहायचं आणि शब्दातली अक्षरं मोजायची. ख अनेकदा रव वाचला जातो, मग चाराची पाच अक्षरं होतात आणि तक्त्यात एक उभी रांग फुकट वाढते. हे सगळं पहिला शून्य लिहायच्या आधी करायचं.

मग आम्ही तक्ता नव्याने भरला. मखमल वर आडवा, मलमल डावीकडे उभा. सुरुवातीला शून्यांची एक आडवी आणि एक उभी रांग, कारण रिकाम्या शब्दाशी काहीच जुळत नाही. पुढे प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारायचा : वरचं आणि डावीकडचं अक्षर सारखं आहे का? सारखं असेल तर तिरकस डावीकडे वरच्या घरातल्या आकड्यात १ मिळवायचा. नसेल तर वरचा आणि डावीकडचा यांतला मोठा आकडा उतरवायचा.

```
       म  ख  म  ल
    ०  ०  ०  ०  ०
म   ०  १  १  १  १
ल   ०  १  १  १  २
म   ०  १  १  २  २
ल   ०  १  १  २  ३
```

पहिल्या म-च्या रांगेतलं तिसरं घर फसवं आहे. तिथे पुन्हा म जुळतो आणि डावीकडे १ दिसतो, म्हणून हात २ लिहायला जातो. पण तो डावीकडचा १ याच म-ने आधी मिळवलेला आहे. एकाच म-ची दोनदा जोडी लावता येत नाही. म्हणूनच १ मिळवायचा तो तिरकस घरात, जिथे दोन्ही अक्षरं अजून वापरलेली नसतात. पहिल्या रांगेत एकापेक्षा मोठा आकडा, दुसरीत दोनापेक्षा मोठा आकडा दिसला की हीच चूक झाली असं समजावं. शिवाय उजवीकडे किंवा खाली जाताना आकडा कधी घटत नाही आणि एका पावलात एकाहून जास्त वाढतही नाही.

भाचीचा जुना तक्ता या सगळ्या कसोट्यांना उतरत होता, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो ‘मखभल’चा अगदी बरोबर तक्ता होता. बेरीज चुकली तर तक्ता सांगतो, अक्षर चुकलं तर सांगत नाही.

कोपऱ्यातला ३ म्हणजे फक्त लांबी. अक्षरं हवी असतील तर तिथूनच उलटं चालायचं. शेवटच्या घरात ल आणि ल जुळतात, म्हणून ल टिपला आणि तिरकस वर गेलो. तिथे म आणि म, आकडा २. म टिपला, पुन्हा तिरकस. आता ल आणि ख समोरासमोर आले, जुळणी नाही. घरात १ आहे, वरही १ आणि डावीकडेही १.

“आता कुठे जाऊ?” भाचीने विचारलं.

कुठेही. अशा बरोबरीला वाटा फुटतात आणि काही गणितांत त्यांतून वेगवेगळी पण सारख्याच लांबीची उत्तरं निघतात. इथे मात्र वर जा किंवा डावीकडे, दोन्ही वाटा पहिल्या म-म जुळणीवरच येतात. तो म टिपला की पुढे शून्य, प्रवास संपला.

हाती आलं ल, म, म. आपण शेवटाकडून आलो, म्हणून ते उलटं वाचायचं : ममल. मग तिने दोन्ही शब्दांवर बोट ठेवून ही अक्षरं क्रमाने शोधली. मखमलमधला दुसरा म तिने या वेळी वहीत शोधला नाही, फोटोत शोधला.