घर दाखवायचंय, पण घरात अजून माणसं राहतात

भाडेकरूने महिन्याची नोटीस दिली की घरमालकाच्या डोक्यात आकडेमोड सुरू होते. पुण्यात कोथरूडसारख्या भागातला एक साधा दोन बेडरूमचा फ्लॅट धरू. भाडं २४,००० रुपये, म्हणजे दिवसाला ८००. जुनी मंडळी ३० तारखेला गेली आणि नवी पुढच्या दहा तारखेला आली, तर मालकाचे आठ हजार गेले, वर सोसायटीचा मेंटेनन्स चालूच. म्हणून जुने लोक राहत असतानाच घर दाखवायला सुरुवात करावी असं त्याला वाटतं, आणि त्यात काही गैर नाही. फक्त ते घर त्या महिनाभर कुणाचा तरी संसार असतो. तिथे लहान मूल दुपारी झोपतं, हिंजवडीहून रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला गाढ झोपेत असतो, निम्मं सामान खोक्यांत गेलेलं असतं. अशा घरात एजंटचा फोन येतो, “मॅडम, पार्टी खाली उभी आहे, पाच मिनिटांत दाखवून जातो.” नोटीस पिरियडमधली निम्मी भांडणं याच एका फोनपासून सुरू होतात, असं माझं मत आहे.

आधी करार काढून वाचावा. आपल्याकडे बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने दिली जातात, बहुधा अकरा महिन्यांच्या. नोंदणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात ‘तपासणी’ नावाचं एक कलम असतं. वाजवी पूर्वसूचना देऊन मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला अधूनमधून घरात येऊन पाहणी करता येईल, असा त्याचा आशय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २८ मध्येही तेच आहे: पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी पाहणी. दोन्हीकडे शब्द पाहणीचा आहे. नव्या भाडेकरूंना घर दाखवण्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. एजंट ‘प्रतिनिधी’ या शब्दात बसेलही, पण त्याच्या मागून येणारी चार अनोळखी कुटुंबं बसतात का, यावर वाद घालता येतो. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरार कायद्यात चोवीस तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर आत जाऊ नये, असं म्हटलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण चोवीस तासांचा त्यातला दंडक घ्यावा असा आहे. शेवटच्या महिन्यात ठरलेल्या वेळी घर दाखवू देण्याची अट नवा करार करतानाच घालून ठेवली, तर पुढचा पेच येतच नाही. ती नसेल तर मालकाच्या हातात हक्कापेक्षा विनंतीच जास्त असते, आणि मेसेज तसाच लिहायला हवा.

बहुतेक मेसेज असे असतात: “उद्यापासून लोक घर बघायला येतील, कोऑपरेट करा.” किती लोक, कधी, किती दिवस, सोबत कोण, काहीच कळत नाही. वाचणाऱ्याला वाटतं की आता महिनाभर घराचं दार उघडंच ठेवायचं. मग तो फोन उचलत नाही, आणि मालकाला तो आडमुठा वाटायला लागतो. खरं तर मेसेजमधली मोकळी जागाच त्याला घाबरवते. तीच भरायची असते.

आपल्या फ्लॅटसाठी मी मेसेज असा लिहीन:

“नमस्कार मॅडम. तुमची नोटीस मिळाली, ३० तारखेला घर सोडताय हे नोंदवलं आहे. १० ते २४ तारखेदरम्यान पुढच्या भाडेकरूंना घर दाखवायची परवानगी हवी होती. बुधवारी संध्याकाळी ५ ते ६ आणि शनिवारी सकाळी ११ ते १२.३० या वेळा चालतील का? नसतील तर तुमच्या सोयीच्या दोन वेळा सांगा. आदल्या दिवशी कोण आणि किती जण येणार ते कळवीन. मी किंवा आपले नेहमीचे एजंट सोबत असू, दुसरं कुणी परस्पर येणार नाही. तुम्ही घरी नसाल तर कुणालाही आणणार नाही. फोटो तुमच्या सामानाचे काढणार नाही, माझ्याकडे रिकाम्या घराचे आहेत. ३० तारखेला चावी घेताना मीटर रीडिंग आणि घर एकत्र पाहून डिपॉझिटचा हिशोब तिथेच पूर्ण करू.”

यात १० तारीख उगाच नाही. पुढच्या एक तारखेपासून घर हवं असणारी माणसं साधारण महिन्याच्या मधल्या दोन आठवड्यांत नेटाने फिरतात. पहिल्या आठवड्यात येणारे बरेचदा नुसता अंदाज घेतात, आणि त्यांच्यासाठी घरच्यांना आवराआवर करायला लावणं वाया जातं. शेवटचे पाच-सहा दिवस तर बांधाबांधीचेच असतात. खोक्यांच्या राशीत घर लहान दिसतं, म्हणजे मालकाचाही फायदा नाही. दोनच वेळा ठरवल्या की एजंट आठवड्याचे सगळे लोक त्या तासाभरात गोळा करतो. एकामागून एक कुटुंबं आलेली पाहून येणाऱ्यांनाही निर्णय लवकर घ्यावासा वाटतो.

डिपॉझिटचं वाक्य मात्र सगळ्यात महत्त्वाचं आहे. घर सोडणाऱ्याच्या मनात शेवटचा महिनाभर एकच धाकधूक असते: पैसे वेळेवर आणि पूर्ण परत मिळतील ना? मालकाने त्याबद्दल आपणहून बोललं की सूर बदलतो. उलट “दाखवू दिलं नाहीत तर डिपॉझिटमधून कापीन” असं लिहिलं, तर करारात आधार नसलेली धमकी लेखी पुरावा म्हणून भाडेकरूच्या फोनमध्ये राहते.

घर पाहायला आलेले लोक मालकाला विचारत नाहीत ते राहणाऱ्याला विचारतात. पाणी किती वेळ येतं, पार्किंग मिळतं का, तुम्ही का सोडताय? त्याला खोटं बोलायला सांगू नये. गच्चीतून ओल येत असेल तर दुरुस्ती कधी करणार ते मालकाने स्वतः सांगावं. भाडेकरूनेही त्या तासापुरते दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवावेत, आणि जास्तीची चावी एजंटकडे देऊ नये. गेटवरच्या ॲपमध्ये ठरलेल्या वेळेबाहेर कुणाची एंट्री आली तर नाकारून मालकाला तिथल्या तिथे मेसेज करावा.

आणि भाडेकरू ‘नाही’ म्हणाला तर? आधी कारण विचारावं. परीक्षा, आजारपण, घरात एकटी राहणारी बाई, अशी कारणं खरी असतात, आणि मग त्याच्याच हाताने काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ किंवा रविवारचा एकच तास यावर भागतं. स्वतःकडच्या चावीने परस्पर दार उघडणं, वीज-पाणी बंद करणं हा उपाय नव्हे. आवश्यक सेवा तोडायला तर कायद्यानेच मनाई आहे. कशालाच तयार नसेल तर आठ-दहा दिवसांचं भाडं बुडेल असं धरावं आणि रिकामं झाल्यावर दाखवावं.

नव्या कुटुंबाने टोकन दिलं की त्याच संध्याकाळी जुन्यांना कळवावं आणि उरलेल्या वेळा रद्द कराव्यात. नव्यांना फ्रिजची किंवा पडद्यांची मापं घ्यायला पुन्हा यायचं असेल, तर ती वेगळी भेट आहे. तिची परवानगी पुन्हा मागावी.