फियॉर्ड की रिया? उत्तर तळाशी

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. हिमयुग संपले, बर्फ वितळला आणि वर चढलेले पाणी किनाऱ्यावरच्या दऱ्यांमध्ये शिरले. अशा बुडालेल्या दऱ्या वरून सारख्याच दिसतात. पण दरी कोणी कोरली, हे तळ सांगतो.

स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या ‘रिया’ प्रामुख्याने नद्यांच्या दऱ्या आहेत. नदी समुद्राच्या पातळीखाली फारशी खोदू शकत नाही. त्यामुळे रिया तुलनेने उथळ असते आणि मुखाकडे जाताना खोल व रुंद होत जाते.

नॉर्वेचा सोग्नेफियॉर्ड मात्र 1,300 मीटर खोल आहे. पातळी 120 मीटरने वाढून एवढी खोली येणार नाही. ही दरी हिमनदीने कोरली. शेकडो मीटर जाडीचा बर्फ आपल्या वजनाने समुद्रसपाटीच्या खालचा खडकही खरवडतो, म्हणून दरी इतकी खोल होते. मुखाशी बर्फ पसरून पातळ होतो, खोदण्याचा जोर ओसरतो आणि तिथे खडकाचा उंबरठा शिल्लक राहतो. म्हणूनच सोग्नेफियॉर्ड मुखाशी आतल्यापेक्षा कितीतरी उथळ आहे.

क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे डोंगररांगा किनाऱ्याला समांतर आहेत. मधल्या दऱ्या बुडाल्या आणि रांगांचे माथे लांबट बेटे होऊन उरले.

नकाशावर खोलीचे आकडे मुखापासून आत वाचत जा: खोली कमी होत गेली तर रिया, उंबरठ्यानंतर एकदम वाढली तर फियॉर्ड.