क्रोमॅटोग्रामची शिखरे आणि त्यांचे वाचन

डीएनएतील अक्षरांचा क्रम ओळखण्याची साखळी-खंडन पद्धत फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडली. पॉलिमरेज हे विकर नवी साखळी बांधताना प्रत्येक न्यूक्लिओटाइड आधीच्या न्यूक्लिओटाइडच्या 3′ टोकावरील हायड्रॉक्सिल गटाला जोडते. डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइडमध्ये हा गटच नसतो. त्यामुळे ते साखळीत बसले की पुढची जोडणी अशक्य होते आणि साखळी तिथेच संपते.

प्रयोगात साध्या न्यूक्लिओटाइडांच्या मिश्रणात डायडीऑक्सी रूपे थोडीच घालतात. ती कधी कुठे बसतील याचा नेम नसल्याने प्रत्येक स्थानावर संपणारे तुकडे तयार होतात. चार अक्षरांच्या डायडीऑक्सी रूपांना चार वेगळे चमकणारे रंग जोडलेले असतात. केशनलिकेतील जेलमधून लहान तुकडे आधी आणि मोठे नंतर बाहेर पडतात. लेसरच्या झोतात ज्या रंगाची चमक दिसते, ते त्या तुकड्याचे शेवटचे अक्षर. ही चमक आलेखावर शिखर म्हणून उमटते. सहसा A हिरवा, T लाल, C निळा आणि G काळा दाखवतात.

वाचन सुरुवातीपासून करत नाहीत. पहिली तीस-चाळीस अक्षरे प्रायमरचे अवशेष आणि सुट्या रंगामुळे गढूळ असतात. साधारण सातशे-आठशे अक्षरांनंतर शिखरे पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. मधल्या भागात शिखरे अरुंद, समान अंतरावर आणि तळ स्वच्छ असला पाहिजे. संगणक प्रत्येक अक्षराला गुणांक देतो; 20 गुणांक म्हणजे शंभरात एक चूक होण्याची शक्यता, 30 म्हणजे हजारात एक.

सिकलसेलच्या तपासणीत बीटा-ग्लोबिन जनुकातील `CCTGAGGAG` हा तुकडा पाहतात. आजारात त्यातील A च्या जागी T येऊन तो `CCTGTGGAG` होतो. निरोगी व्यक्तीच्या आलेखात तिथे एकच हिरवे शिखर दिसते, रुग्णाच्या आलेखात एकच लाल. वाहकाकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असल्याने त्याच जागी हिरवे आणि लाल शिखर एकमेकांवर येतात. दोन्हींची उंची सहसा शेजारच्या शिखरांच्या निम्म्याच्या आसपास असते. संगणक तिथे `N` लिहितो, किंवा उंच शिखराचेच अक्षर देऊन दुसरे गाळतो. म्हणून नुसती अक्षरे वाचून भागत नाही, आलेख डोळ्यांनी पाहावा लागतो.

दुहेरी शिखर खरे की खोटे, याची खात्री उलट बाजूच्या प्रायमरने होते. तिथे निरोगी क्रम `CTCCTCAGG` असा वाचला जातो. वाहकाच्या आलेखात त्याच्या पाचव्या अक्षरावर T बरोबर A दिसलाच पाहिजे. एकाच बाजूला दिसणारा रुंद, बुटका उंचवटा हा बहुधा सुट्या रंगाचा डाग असतो. सुरुवातीपासून सगळीकडे दुहेरी शिखरे असतील, तर नमुन्यात दोन डीएनए मिसळले आहेत किंवा प्रायमर दोन ठिकाणी चिकटला आहे. स्वच्छ आलेख एका ठरावीक जागेपासून शेवटपर्यंत दुहेरी झाला, तर एका प्रतीत तिथे अक्षरे कमी किंवा जास्त आहेत.

एखादे रूप नमुन्यात पंधरा-वीस टक्क्यांहून कमी असेल, तर त्याचे शिखर तळातील गोंधळात हरवते. तेवढे अल्प मिश्रण शोधण्यासाठी ही पद्धत पुरी पडत नाही.