कोटेशनची मुदत संपताना

‘आजच कन्फर्म करा, उद्यापासून रेट वाढणार.’ घराचं किंवा सोसायटीचं काम काढलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा मेसेज सापडतो. तो वाचून निम्मे लोक धास्तावतात आणि उरलेले म्हणतात, ‘उद्या फोन केला तर त्याच रेटला करून देईल.’ बहुतेक वेळा या दुसऱ्या लोकांचंच खरं ठरतं, आणि गोची तिथेच आहे. मुदत खोटी आहे हे गिऱ्हाइकाला एकदा कळलं की पुढच्या वेळी खरी मुदतही कोणी मनावर घेत नाही.

कोटेशनवर मुदत घालण्यामागे खरं कारण असतं. वायरिंगच्या कामाचंच घ्या. केबलच्या किमतीत तांब्याचा वाटा मोठा असतो. तांब्याचा भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो, त्यामुळे रुपया घसरला तरी इथला भाव हलतो. डीलर कॉन्ट्रॅक्टरला जो रेट देतो तो थोड्याच दिवसांचा असतो. मजुरीचं तसं नाही. वायरमनचा रोज महिन्याभरात बदलत नाही. म्हणजे एकाच कागदावर काही आकडे नाशवंत असतात आणि काही टिकाऊ. मुदत मात्र सरसकट सगळ्यांना एकच लावली जाते.

समजा, 28 फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीला मीटर रूमचं पॅनेल आणि तिथून वर जाणारी मुख्य केबल बदलायची आहे. कॉन्ट्रॅक्टरने 3 जूनला कोटेशन दिलं. केबल 2,00,000 रुपये, पॅनेल आणि स्विचगिअर 1,20,000, मजुरी 1,60,000, एकूण 4,80,000, जीएसटी वेगळा. मुदत 3 जुलैपर्यंत. ‘व्हॅलिडिटी 30 दिवस’ असं न लिहिता त्याने तारीखच लिहिली, हे चांगलं केलं. ‘30 दिवस’ म्हटलं की कागदावरच्या तारखेपासून मोजायचे की मेल मिळाल्यापासून, यावर वाद घालायला जागा राहते.

आता आठवण कधी करायची? सर्रास 2 जुलैला केली जाते, आणि ती चूक आहे. सोसायटीत एकटा सेक्रेटरी निर्णय घेत नाही. तीन कोटेशनं येतात, तुलनेचा तक्ता होतो, कमिटी बसते, मोठा खर्च असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. वार्षिक सभेची नोटीसच 14 दिवस आधी द्यावी लागते. अशा गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी आठवण करणं म्हणजे, हेतू असो वा नसो, दबावच. बिचारा सेक्रेटरी एका संध्याकाळीत करणार काय? म्हणून कोटेशन देतानाच विचारून ठेवावं, ‘कमिटीची मीटिंग कधी आहे?’ इथे ती 28 जूनला आहे. मग आठवण 24 जूनच्या सुमाराला जायला हवी. ती मुदतीच्या तारखेवरून नाही, निर्णयाच्या तारखेवरून ठरते.

मजकूर असा असावा की सेक्रेटरीला तो जसाच्या तसा कमिटीच्या ग्रुपवर टाकता येईल:

‘नमस्कार साहेब. मीटर रूमच्या कामाचं 3 जूनचं कोटेशन 3 जुलैपर्यंत लागू आहे. 28 तारखेच्या मीटिंगआधी माहिती असावी म्हणून कळवतो. 3 जुलैनंतर फक्त केबलचा रेट डीलरकडून नव्याने घ्यावा लागेल. पॅनेल आणि मजुरीचे आकडे 31 ऑगस्टपर्यंत तेच राहतील. निर्णयाला जास्त वेळ लागणार असेल तर कळवा, तसं सुधारित कोटेशन देतो. काम सध्या करायचं नसेल तरी हरकत नाही, तेवढं कळवलं की पुरे.’

यात कोटेशन कोणतं आणि ते कधीपर्यंत, हे आहे. नंतर नेमकं काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हेही आहे. मला त्यातली ही दुसरी बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘रेट वाढतील’ असं मोघम म्हटलं की माणूस 4,80,000 वर किती वाढणार या काळजीत पडतो. प्रत्यक्षात केबल 5 टक्क्यांनी महागली तर वाढ 10,000 रुपयांची, म्हणजे एकूण रकमेच्या जेमतेम 2 टक्के. ती टाळायला घाईघाईने सही करायची की शांतपणे सभेत मंजुरी घ्यायची, हे कमिटी ठरवू शकते. आणि नकाराची वाट उघडी ठेवल्यामुळे उत्तर येण्याची शक्यता वाढते. ‘नाही’ म्हणायचा संकोच असतो म्हणूनच लोक गप्प बसतात.

‘आणखी दोन सोसायट्या विचारताहेत’, ‘माणसं एवढ्याच आठवड्यात मोकळी आहेत’ ही वाक्यं खरी असतील तरच लिहावीत. ऑनलाइन विक्रीत अशा बनावट घाईला आता नियमानेच मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये फसव्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतल्या 13 प्रकारांत खोट्या घाईचा समावेश आहे.

समजा, 28 तारखेला कमिटीने विषय ऑगस्टमधल्या सभेवर ढकलला. इथे बरेच जण फोनवर ‘चालेल हो, बघू’ म्हणून मोकळे होतात आणि पुढच्या भांडणाचं बी पेरतात. सभा मंजुरी देते 4,80,000 ला, आणि ऑर्डरच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर म्हणतो 4,90,000. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 6 प्रमाणे प्रस्तावात दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपतो. काम, माल, रक्कम, अटी स्पष्ट लिहिलेलं कोटेशन असा प्रस्ताव मानता येतं. तेव्हा मुदतीनंतर आलेल्या होकाराने करार आपोआप होत नाही. तो गिऱ्हाइकाचा नवा प्रस्ताव ठरतो आणि कॉन्ट्रॅक्टरने तो स्वीकारावा लागतो. पण कायदा बाजूने असला तरी सभेपुढे तोंडघशी पडलेला सेक्रेटरी त्याला पुन्हा काम देणार नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवाव्यात: मजुरी आणि पॅनेल 31 ऑगस्टपर्यंत कायम, केबल ऑर्डरच्या दिवशीच्या डीलर रेटने, रेटचा कागद दाखवून. भाव उतरला तर फायदा सोसायटीचा, हेही त्यात यावं. नुसती वाढ कळवायची आणि घट खिशात घालायची, हे लोकांच्या बरोबर लक्षात येतं.

24 तारखेच्या मेसेजला उत्तरच आलं नाही तर? मीटिंगनंतर एक फोन करावा, शक्यतो दुपारच्या जेवणाची वेळ टाळून. त्यानंतर मुदत संपल्यावर एकच ओळ: ‘कोटेशनची मुदत संपली आहे, पुढे काम निघालं तर नवीन रेट देतो.’ मग थांबावं. रोज ‘गुड मॉर्निंग’च्या आडून विचारणा करणाऱ्याला काम मिळत नाही, म्यूट मात्र मिळतं.

आता एक विनंती कोटेशन मागवणाऱ्यांना. काम दुसऱ्याला दिलं असेल, किंवा यंदा करायचंच नसेल, तर मुदतीच्या आत तेवढं कळवा. तुमच्या होकाराच्या आशेवर त्याने डीलरकडे रेट धरून ठेवलेला असतो आणि माणसांच्या तारखाही अडवलेल्या असतात. ‘आम्ही दुसऱ्याला दिलं’ एवढे तीन शब्द त्याला पुरतात.